धर्मानंद कोसंबी आणि यज्ञातले बैल

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला अहिंसा शिकवावी लागत नाही. शेजारीच जैन कुटुंब असते, पर्युषणात त्यांच्या घरचे उपवास आपल्याला ठाऊक असतात. पण ही अहिंसा मुळात कशाच्या विरोधात उभी राहिली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. ते मराठीत सोपे करून सांगणारे धर्मानंद कोसंबी गुजरातेतही राहून गेले, म्हणून आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

धर्मानंदांचा जन्म 1876 साली गोव्यातल्या साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण घरात झाला. मुलांच्या एका मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि त्यांच्या मनाने ध्यास घेतला. 1899 च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्याला आणि काशीला संस्कृत शिकले, नेपाळला गेले, मग सिंहलद्वीपात पाली शिकले आणि तिथे श्रामणेर झाले. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार चरित्रकारांनी अधिक करायला हवा, असे आम्हाला वाटते.

परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहून काम करावे. पुढे हार्वर्ड आणि फर्ग्युसन कॉलेज झाले. 1922 पासून काही वर्षे ते अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात होते.

बुद्धाच्या काळी यज्ञ म्हणजे घरच्या होमासारखी छोटी गोष्ट नव्हती. राजा यज्ञ करी, पुरोहित तो चालवी, आणि बदल्यात पुरोहिताला दक्षिणा, कधी तर अख्खे गाव मिळे. कोसलच्या पसेनदी राजाच्या यज्ञाचे वर्णन पाली ग्रंथात आहे. पाचशे वळू, तितकेच गोऱ्हे, कालवडी, बोकड आणि मेंढे यूपाजवळ आणलेले, आणि मारझोडीच्या भीतीने राबणारे दासदासी डोळ्यांत पाणी आणून कामे करताहेत. धर्मानंदांचा मुद्दा असा, की ही जनावरे शेतकऱ्याच्या गोठ्यातून जात. यज्ञाचे पुण्य राजाला, दक्षिणा पुरोहिताला आणि नांगराला बैल कमी शेतकऱ्याला.

याहून बोलकी गोष्ट कूटदंत ब्राह्मणाची. बिंबिसार राजाने त्याला खाणुमत हे गाव इनाम दिलेले. त्याने सातशे सातशे जनावरे बांधून यज्ञाची तयारी केली आणि विधी नीट विचारावा म्हणून तो बुद्धाकडे गेला. बुद्धाने त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. राज्यात लूटमार माजलेली असताना त्या राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याचा पुरोहित शहाणा. चोरांना मारून चोरी थांबणार नाही, उलट उरलेले अधिक त्रास देतील, असे त्याने राजाला समजावले. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकराला नीट वेतन द्यायला लावले. लोक आपापल्या धंद्याला लागले, तिजोरी भरली, लोक दारे उघडी टाकून राहू लागले. मगच यज्ञ झाला तो तूप, तेल, दही, मध आणि गुळाचा. एकही जनावर मेले नाही, यूपासाठी झाड तुटले नाही, चाकरावर हात उगारला गेला नाही. हे ऐकून कूटदंताने आपली सगळी जनावरे सोडून दिली. बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हाला यातला भांडवलाचा भाग विशेष भावतो.

जैन उत्तराध्ययन सूत्रातला हरिकेशी मुनी चांडाळ कुळातला. यज्ञमंडपात भिक्षेला गेला तेव्हा ब्राह्मणांनी त्याला हाकलले, पोरांनी काठ्या मारल्या. तप हाच अग्नी, असा यज्ञाचा अर्थ त्याने त्यांनाच समजावला. इथे जनावराबरोबर जन्माचा अधिकारही नाकारला गेला. धर्मानंदांच्या मते दोन्ही धारांचे मूळ पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मात आहे: अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह. महावीरांनी ब्रह्मचर्याचे पाचवे व्रत वेगळे केले. बुद्धही याच परंपरेतून पुढे गेले, हे मात्र सगळ्या विद्वानांना मान्य नाही.

धर्मानंद कोणाची भीड ठेवत नसत. जुन्या जैन ग्रंथांतल्या काही शब्दांचा अर्थ मांस असाच होतो, असे त्यांनी गुजरातेत लिहिले आणि अनेक जैन गृहस्थ दुखावले. तरी ते मत त्यांनी सोडले नाही. दुसरीकडे, अहिंसा साधूंपुरती राहिली आणि मठ धनिकांच्या आश्रयाने जगू लागले, हा ठपका त्यांनी बौद्ध भिक्षूंवरही ठेवला. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. पुढे मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला.

उतारवयात आजारांनी शरीर खचले. काम होत नाही, तर इतरांवर भार होऊन जगायचे नाही, असे ठरवून त्यांनी अन्न सोडले. एकदा गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. नंतर सेवाग्रामला त्यांनी पुन्हा उपवास धरला आणि 4 जून 1947 रोजी ते गेले. ज्याला आपले जैन शेजारी संथारा म्हणतात, तसाच हा शेवट होता.