प्रोस्टेटच्या रिपोर्टवर ज्याचं नाव छापलेलं असतं, तो ग्लिसन होता तरी कोण?

घरातल्या कुणाची प्रोस्टेटची बायोप्सी झाली असेल, तर रिपोर्टमध्ये एक ओळ तुम्ही नक्की बघितली असेल. ग्लिसन स्कोअर ३+३=६. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दहापैकी सहा म्हणजे कॅन्सर निम्म्याच्या पुढे गेला की काय?

तर नाही. आज बायोप्सीत कॅन्सर सापडला, तर सहा हाच जवळपास सगळ्यात कमी आकडा असतो. मग मोजणी एकपासून सुरू न होता सहापासून का होते? याचं उत्तर एका माणसाच्या कामात आहे.

डोनाल्ड ग्लिसन. जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वाढला आणि शिकला शेजारच्या मिनेसोटात. डॉक्टर झाला आणि पॅथॉलॉजिस्ट म्हणून मिनियापोलिसच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये कामाला लागला. म्हणजे पेशंटपेक्षा स्लाइड जास्त बघणारा डॉक्टर.

त्या काळात प्रोस्टेटच्या कॅन्सरची एक मोठी पंचाईत होती. हा आजार काही जणांच्या अंगात वर्षानुवर्षं गप पडून राहायचा, तो माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने जायचा. काही जणांच्या मात्र बघता बघता हाडांपर्यंत पोचायचा. स्लाइड बघून यातला कुठला कोण, हे सांगायच्या पद्धती होत्या, पण ज्याची त्याची वेगळी.

माजी सैनिकांच्या हॉस्पिटल्सनी मिळून तेव्हा या कॅन्सरच्या उपचारांचा मोठा अभ्यास हाती घेतला होता. १९६२ मध्ये तिथले युरोलॉजीचे प्रमुख जॉर्ज मेलिंजर यांनी ग्लिसनला काम दिलं, की सगळ्यांना वापरता येईल अशी एकच पद्धत बसवून दे.

ग्लिसनने काय केलं? जुन्या पद्धती बाजूला ठेवल्या आणि २७० पेशंटच्या स्लाइड घेऊन बसला. एकेक पेशी मोठी करून बघण्याऐवजी त्याने मायक्रोस्कोप कमी पॉवरवर ठेवला आणि फक्त रचना बघितली. प्रोस्टेट ही ग्रंथी आहे, तिच्यात छोट्या छोट्या पोकळ नळ्या असतात. कॅन्सर झाला की या नळ्यांची घडी विस्कटते. किती विस्कटली, एवढंच त्याने बघितलं आणि दिसलेल्या नमुन्यांची चित्रं स्वतःच्या हाताने काढली.

शेवटी पाच पॅटर्न उरले. एक आणि दोनमध्ये नळ्या गोल, एकमेकींना चिकटून, जवळजवळ नॉर्मल. तीनमध्ये त्या वेड्यावाकड्या होतात, पण प्रत्येक नळी सुटी ओळखता येते. चारमध्ये नळ्या एकमेकींत मिसळतात, किंवा एका मोठ्या गोळ्याला चाळणीसारखी भोकं पडलेली दिसतात. पाचमध्ये नळी हा प्रकारच उरत नाही, पेशी नुसत्या पसरत जातात.

पुढचं काम आकड्यांचं होतं. कुठल्या पॅटर्नचा माणूस किती जगला, हा हिशोब जॉन बायलर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडला, आणि पॅटर्न व मृत्यू यांचा मेळ बसला.

पण एक अडचण राहिली. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये एकाच वेळी दोन पॅटर्न दिसत होते. डॉक्टरांची नेहमीची सवय म्हणजे त्यातला जास्त वाईट धरायचा. आकडे मात्र वेगळं सांगत होते. तीन आणि चार दोन्ही असलेल्या पेशंटचं भवितव्य नुसत्या तीन आणि नुसत्या चारच्या मधे पडत होतं. म्हणून ग्लिसनने दोन्हींची सरळ बेरीज केली. सगळ्यात जास्त जागा व्यापणारा पॅटर्न आधी, दुसरा नंतर. २ ते १० ची मोजपट्टी अशी तयार झाली. १९६६ मध्ये ती छापून आली, आणि नंतर हजारो पेशंटवर तपासली तरी टिकली.

ग्लिसन १९७६ मध्ये त्या हॉस्पिटलमधून निवृत्त झाला, पुढे काही वर्षं दुसरीकडे काम केलं. २८ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

त्याच्या हयातीतच मोजपट्टीचं खालचं टोक झिजायला लागलं होतं. नवी रंगद्रव्यं आली तेव्हा कळलं, की पूर्वी एक किंवा दोन पॅटर्न म्हणून नोंदलेल्या बऱ्याच गोष्टी मुळात कॅन्सरच नव्हत्या. २००५ मध्ये जगभरातले तज्ज्ञ बसले आणि बायोप्सीत एक-दोन देणं जवळपास बंद झालं. उरला तीन. म्हणून कमीत कमी बेरीज ३+३. गणित बरोबर, पण पेशंटला घाबरवणारं.

त्याच वेळी बायोप्सीसाठी दुसरा नियमही बदलला. समजा, सुईने काढलेल्या तुकड्यात ६० टक्के तीन, ३५ टक्के चार आणि ५ टक्के पाच आहे. जुन्या हिशोबाने हा ३+४=७ झाला असता. आता जास्तीत जास्त असलेला आणि सगळ्यात वाईट असे दोन धरतात, म्हणून तो ३+५=८. पाच थोडासाच दिसला, तरी सुई न पोचलेल्या जागी तो जास्त असू शकतो.

खरा घोळ सातचा होता. ३+४ सुद्धा सात आणि ४+३ सुद्धा सात, पण पहिल्यात बहुतेक नळ्या सुट्या आहेत, दुसऱ्यात बहुतेक मिसळलेल्या. जॉन्स हॉपकिन्सचे जोनाथन एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या २०,८४५ पेशंटची माहिती तपासली. पाच वर्षांनंतरही रक्तातला पीएसए पुन्हा न वाढलेले पेशंट ३+४ मध्ये ८८ टक्के होते, ४+३ मध्ये ६३ टक्के. सहावाल्यांत ९६ टक्के, तर नऊ-दहावाल्यांत फक्त २६ टक्के.

म्हणून २०१४ मध्ये शिकागोच्या बैठकीत ग्रेड ग्रुप मान्य झाले. सहापर्यंत ग्रुप १, ३+४ ग्रुप २, ४+३ ग्रुप ३, आठ म्हणजे ग्रुप ४, नऊ-दहा ग्रुप ५. दहापैकी सहा ऐकून हादरणारा माणूस पाचपैकी एक ऐकून निदान खुर्चीत नीट बसतो. ग्रुप १ मध्ये अनेकदा ऑपरेशन न करता ठरावीक काळाने पीएसए आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवलं जातं. ग्रुप ४-५ मध्ये तशी वाट बघत नाहीत.

आता हे सगळं उभं आहे शेवयीएवढ्या बारीक तुकड्यांवर. साधारण बारा तुकडे काढतात, त्यांच्या मधली जागा सुटते. त्यामुळे बायोप्सीत ग्रुप १ आलेल्या काही जणांची ग्रंथी ऑपरेशननंतर पूर्ण तपासली, की वरचा ग्रुप निघतो. म्हणूनच लक्ष ठेवायचं ठरलं तरी बरेचदा एमआरआय किंवा दुसरी बायोप्सी सांगतात.

दुसरी फसगत तीन आणि चारच्या सीमेवर होते. सुटी नळी तिरकी कापली गेली, तर ती अर्धवट दिसते आणि चारसारखी वाटते. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट त्याच तुकड्याचे आणखी खोलवरचे काप बघतो. खाली नळी पूर्ण दिसली, तर ती तीनच. तरीही यावर दोन अनुभवी डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी त्याच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. त्यासाठी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही.