दालांबेरचं पाणी

मेकॅनिक्सच्या पहिल्याच सेमिस्टरला ‘डी’अलेम्बर्ट्स प्रिन्सिपल’ आपल्या सगळ्यांच्या गळ्यात पडतं. बळांच्या डायग्रॅममध्ये एक उलटं ma काढायचं आणि मार्क घ्यायचे, एवढीच आपली त्या माणसाशी ओळख. फ्रेंचमध्ये त्याचं नाव दालांबेर असं उच्चारतात. त्याच माणसाने पाण्याच्या प्रवाहावर जे काम केलं ते मला त्या प्रिन्सिपलपेक्षा जास्त आवडतं, म्हणून हा लेख. मॅथ्सच्या तासाला झोपणाऱ्या मित्रांनीही वाचावा. समीकरणं आहेत, पण थोडीच.

नोव्हेंबर १७१७ मध्ये पॅरिसमधल्या सेंट झाँ ल राँ या छोट्या चर्चच्या पायरीवर एक तान्हं मूल सापडलं. चर्चचं नाव तेच बाळाचं नाव ठेवलं, झाँ ल राँ. आई मादाम द तांसँ ही पॅरिसच्या बड्या लोकांत वावरणारी बाई. तिने मूल सोडून दिलं ते कायमचंच. वडील तोफखान्यातले अधिकारी होते आणि तेव्हा परदेशी होते. परत आल्यावर त्यांनी मुलाला शोधून काढलं आणि काचा बसवणाऱ्या एका कारागिराच्या बायकोकडे, मादाम रूसोकडे, वाढवायला दिलं. १७२६ मध्ये वडील वारले, पण मुलाच्या शिक्षणापुरती वार्षिक रक्कम ठेवून गेले. दालांबेर त्या मादाम रूसोच्याच घरात जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं राहिला. नाव झाल्यावर, राजेरजवाडे पत्रं लिहू लागल्यावरसुद्धा.

शिक्षण वकिलीचं झालं, मग थोडं डॉक्टरकीचं. गणित तो स्वतःच शिकला. १७४१ मध्ये पॅरिसच्या सायन्स अकादमीत गेला आणि १७४३ मध्ये गतिशास्त्रावरचं पुस्तक आलं, ज्यातून आपलं ते प्रिन्सिपल निघालं.

खरी गोष्ट पुढे आहे. बर्लिनच्या अकादमीने १७५० च्या बक्षिसासाठी विषय ठेवला होता, द्रवातून जाणाऱ्या वस्तूला किती विरोध होतो? बोटी बांधणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न. दालांबेरने १७४९ मध्ये निबंध पाठवला. अकादमीने बक्षीस कोणालाच दिलं नाही, उलट सगळ्यांना सांगितलं की तुमची थिअरी प्रयोगाशी जुळवून दाखवा. याच अकादमीत ऑयलर होता आणि दालांबेरला वाटलं की यामागे त्याचाच हात आहे. त्याने निबंध मागे घेतला आणि १७५२ मध्ये स्वतः फ्रेंचमध्ये छापला. माणूस रागीट होता, त्यात शंका नाही. पण त्या निबंधात काय होतं ते बघा.

त्याने आधी पाण्याचा एकेक कण धरून त्याच्यामागे धावणं सोडलं आणि जागा धरली. x, y या ठिकाणी पाण्याचा वेग u आणि v आहे, बस. मग दोन अटी लिहिल्या. पहिली अशी की एखाद्या चिमुकल्या चौकोनात जेवढं पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं, कारण पाणी दाबून लहान होत नाही. दुसरी अशी की तो चिमुकला चौकोन वाहताना स्वतःभोवती फिरत नाही. आज आपण याला इर्रोटेशनल म्हणतो.

या दोन अटींमधून दोन फंक्शन्स निघतात. पहिल्या अटीतून साय, म्हणजे स्ट्रीम फंक्शन. दालांबेरकडे त्याचं बीज होतं, पण ते व्यवस्थित मांडलं लाग्रांजने, १७८१ मध्ये. सायचा अर्थ अगदी हिशेबी आहे. खाडीच्या एका काठावरून निघा आणि पाण्यात एका जागेपर्यंत दोरी धरा. त्या दोरीखालून दर सेकंदाला जेवढं पाणी जातं तो त्या जागेचा साय. आता साय न बदलता पुढे सरकायचं तर पाण्याच्या दिशेनेच सरकावं लागेल, कारण जरा आडवं गेलात की दोरीखालून जाणारं पाणी वाढेल किंवा कमी होईल. म्हणून सायची कंटूर लाइन हीच स्ट्रीमलाइन.

दुसऱ्या अटीतून फाय, म्हणजे व्हेलॉसिटी पोटेन्शियल. हे नाव १८५८ मध्ये हेल्महोल्ट्झने दिलं. फायला डोंगराची उंची समजा. पाणी फाय ज्या दिशेला सगळ्यात झपाट्याने वाढतो त्या दिशेला जातं, आणि चढ जितका तीव्र तितका वेग जास्त. (खरं पाणी चढ चढत नाही हे माहीत आहे, ही फक्त चिन्हाची सोय.) माथेरानला चढणारा कोणीही सांगेल की सगळ्यात खडी वाट कंटूर लाइनला काटकोनात असते. कंटूरवरून चाललात तर चढच नाही.

आता दोन्ही एकत्र करा. एका जागी वेगाची दिशा एकच. सायची रेघ त्या दिशेने जाते, फायची रेघ त्या दिशेला काटकोनात. म्हणून दोन्ही रेघा एकमेकींना काटकोनात छेदतात. एवढंच. पेपरात लिहायचं तर:

u = ∂φ/∂x = ∂ψ/∂y
v = ∂φ/∂y = −∂ψ/∂x

दोन ग्रेडियंटचा डॉट प्रॉडक्ट u(−v) + v(u) येतो, म्हणजे शून्य. या दोन ओळी ओळखीच्या वाटल्या ना? कॉम्प्लेक्स व्हेरिएबलमध्ये याच कोशी-रीमान म्हणून येतात. दालांबेरने त्या पाण्यासाठी लिहिल्या आणि वर हेही दाखवलं की √−1 वापरून x आणि y एकत्र केले की त्या सुटतात.

एक उदाहरण करून बघू. φ = x² − y² आणि ψ = 2xy घ्या. मग u = 2x, v = −2y. म्हणजे पाणी वरून खाली भिंतीवर येतं आणि दोन्ही बाजूंना फाकतं. x = 2, y = 1 या बिंदूवर ψ = 4, त्या रेघेचा उतार −y/x, म्हणजे −1/2. तिथेच φ = 3, तिचा उतार x/y, म्हणजे 2. गुणाकार −1. काटकोन.

आता मजा म्हणजे हा नियम एका जागी मोडतो. याच उदाहरणात x = 0, y = 0 वर या. ψ = 0 च्या रेघा म्हणजे दोन्ही अक्ष, आणि φ = 0 च्या रेघा म्हणजे y = x आणि y = −x. त्या एकमेकींना पंचेचाळीस अंशात छेदतात! कारण तिथे पाणी थांबलेलं आहे, वेग शून्य. दिशाच नाही तर काटकोन कशाशी करणार? व्हायवाला हा प्रश्न आला तर घाबरू नका, स्टॅग्नेशन पॉइंट म्हणा.

लॅबमध्ये मात्र भलत्याच जागी काटकोन मोडलेला दिसू शकतो, आणि तिथे गणिताचा दोष नसतो. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये हे टाका:

```
[x,y] = meshgrid(-3:0.05:3);
contour(x, y, x.^2 - y.^2, -8:8); hold on
contour(x, y, 2*x.*y, -8:8)
axis equal
```

शेवटची ओळ गाळली तर चित्र खिडकीच्या आकाराप्रमाणे ताणलं जातं. आडवा अक्ष उभ्याच्या दीडपट ताणला गेला तर वरच्या बिंदूवरचे उतार −1/3 आणि 4/3 दिसतात, आणि कोन नव्वदऐवजी सुमारे ७२ अंशांचा. जर्नलमध्ये ग्राफ पेपरवर काढतानाही दोन्ही अक्षांचं स्केल एकच ठेवा.

आता दालांबेरकडे परत. याच पद्धतीने गोल खांबाभोवतीचा प्रवाह काढला तर रेघांचं जाळं फार सुंदर येतं. समोर पाणी थांबतं, मग दोन बाजूंना फाकतं, कडेला वेग मूळ वेगाच्या दुप्पट होतो, आणि मागे सगळं पुन्हा जुळतं. अडचण इथेच आहे. पुढचं आणि मागचं चित्र आरशातल्यासारखं सारखंच. मग पुढून जेवढा दाब, तेवढाच मागून. खांबावरचं एकूण बळ शून्य! ज्या निबंधात पाण्याचा विरोध काढायला निघाला होता, त्याचं उत्तर विरोध नाहीच. दालांबेरने हे लपवलं नाही. १७६८ मध्ये त्याने ते स्पष्ट छापलं आणि हे कोडं पुढच्या गणितज्ञांसाठी सोडतो असं कबूल केलं. स्वतःच्या थिअरीविरुद्ध इतका नीट पुरावा देणारे लोक मला फार आवडतात.

कोड्याचं उत्तर ठाण्याच्या खाडीत दिसतं. स्लो लोकलने ठाण्याहून कळव्याला जाताना ओहोटीच्या वेळी पुलाच्या खांबांकडे बघा. खांबापुढे पाणी अगदी दालांबेरच्या चित्रासारखं दुभंगतं. मागे मात्र ते जुळत नाही, भोवरे सुटतात आणि फेस तिथेच घुटमळतो. म्हणजे मागचा दाब पुढच्याइतका भरून येत नाही, आणि खांबाला ढकल बसते. असं का, ते १९०४ मध्ये प्रांटलने सांगितलं. खांबाला चिकटलेल्या पातळ थरात घर्षणामुळे पाण्याचे कण स्वतःभोवती फिरू लागतात, आणि तो थर मागच्या बाजूला खांब सोडून प्रवाहात शिरतो. दालांबेरची दुसरी अट तिथे तुटते.

आणि अट तुटली की फाय राहतच नाही, हे समजायला भोवऱ्याभोवती मनाने एक फेरी मारा. प्रवाहाच्या दिशेने चाललात तर प्रत्येक पावलाला फाय वाढतो. पूर्ण फेरी मारून निघालात त्याच जागी आलात, तर आकडा सुरुवातीपेक्षा मोठा. एकाच जागेची उंची दोन वेगवेगळी? असा डोंगर असू शकत नाही, म्हणून कंटूरही नाहीत. साय मात्र शाबूत राहतो, कारण भोवऱ्यातलं पाणीही दाबलं जात नाही. तिथे स्ट्रीमलाइन काढता येतात, पण त्यांना काटकोनात छेदायला दुसरं कोणी नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: पाण्यातलं झेंडूचं फूल एकाच जागी घिरट्या घालत राहिलं तर तिथे फाय शोधू नका.

दालांबेरचं बाकीचं आयुष्य मी भराभर सांगते. दिदेरोबरोबर विश्वकोश काढला, मग भांडणांना कंटाळून सोडला. प्रशियाच्या राजाने बर्लिन अकादमीचं अध्यक्षपद देऊ केलं, ते घेतलं नाही. रशियाच्या राणीने मुलाला शिकवायला बोलावलं, तेही नाही. उलट लाग्रांजची शिफारस करून त्याला १७६६ मध्ये बर्लिनला पाठवलं. १७६५ मध्ये मोठं आजारपण आलं आणि तो मादाम रूसोचं घर सोडून ज्यूली द लेस्पिनास या मैत्रिणीकडे राहायला गेला. ती १७७६ मध्ये वारली, त्यानंतर त्याच्या हातून फारसं गणित झालं नाही. पण १७७५ च्या सुमाराला, साठीला टेकलेला हा माणूस कोंदोर्से आणि बोस्यू यांच्याबरोबर बोटींची मॉडेल्स पाण्यातून ओढून विरोध मोजत होता. बर्लिनने मागितलेला प्रयोग शेवटी झाला, पंचवीस वर्षांनी. विरोध शून्य आला नाही.

२९ ऑक्टोबर १७८३ ला तो वारला. नास्तिक म्हणून त्याला खूण नसलेल्या सामायिक कबरीत पुरलं. कोशीचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी, १७८९ मध्ये झाला, आणि रीमानचा १८२६ मध्ये.