क्युरेटिंगनंतर पाळी अगदी कमी का होते? ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते डॉ. ॲशरमन कोण होते?

अंधेरी असो वा मुलुंड, हिस्टेरोस्कोपीच्या रिपोर्टवर 'ॲशरमन सिंड्रोम' असं लिहिलेलं दिसलं, की ते नाव एका डॉक्टरचं असतं.

जोसेफ ॲशरमन यांचा जन्म 1889 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. प्रागला डॉक्टरी शिकून ते 1920 मध्ये पॅलेस्टाईनला गेले आणि तेल अवीवमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. गर्भपात किंवा बाळंतपणानंतर पिशवी साफ केलेल्या काही स्त्रियांची पाळी परत येतच नव्हती. अशा 29 जणींची माहिती त्यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केली. आधी 1894 मध्ये हाइनरिश फ्रिट्श यांनी अशी एक केस नोंदवली होती.

सुरुवातीला ॲशरमन यांना दोष पिशवीच्या तोंडाशी वाटला. पुढे औषध सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतली पोकळीच चिकटलेली दिसली. 1950 मध्ये त्यांनी हेही मांडलं.

असं का होतं? गरोदरपणानंतर पिशवी मऊ असते. खरवडताना अस्तराचा तळाचा थर निघाला, तर दोन्ही भिंती व्रणाने चिकटतात. हार्मोन्स ठीक असतात, पण अस्तर वाढायला जागाच उरत नाही. म्हणून पाळी डागांपुरती येते किंवा थांबते. वाट बंद झाली, तर दर महिन्याला पोटात दुखतं, पण रक्त येत नाही. भारतात पिशवीच्या टीबीमुळेही असे व्रण होतात.

ॲशरमन 1968 मध्ये वारले. आज दुर्बिणीने पाहून हे पापुद्रे कापता येतात, मात्र ते पुन्हा चिकटू शकतात.