त्सिओल्कोव्स्की मास्तर आणि रॉकेटमधला लॉग

दिवाळीत आमच्या महालात सुटणाऱ्या रॉकेटलाही लागू पडणारं एक सूत्र रशियातल्या एका शाळामास्तरांनी मांडलंय. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की, जन्म १८५७. लहानपणीच तापात ऐकू येणं जवळजवळ गेलं, शाळा सुटली. गणित ते पुस्तकांतून शिकले. कालुगा गावात शिकवत असताना त्यांनी हे सूत्र काढलं, १९०३ मध्ये ते छापून आलं:

`Δv = vₑ ln(m₀/m₁)`

यात लॉग कशाला? मला तर खरी गंमत इथेच वाटते. समजा रॉकेट १०० टनांचं आहे आणि त्यातून वायू सेकंदाला ३ किमी वेगाने बाहेर पडतोय. १०० टन असताना १ टन इंधन जाळून जितका वेग वाढतो, त्याच्या दुप्पट वेग ५० टन उरल्यावर तेवढ्याच इंधनात वाढतो, कारण ढकलायचं वजन निम्मं झालेलं असतं. वजनाच्या उलट प्रमाणातल्या अशा बारीक वाढींची बेरीज केली की नैसर्गिक लॉग येतो. म्हणून १०० वरून ५० टनांवर येताना सेकंदाला २.०८ किमी मिळतात, आणि ५० वरून २५ वर येतानाही तेवढेच.

उपग्रहाला साधारण ७.८ किमी हवेत. म्हणजे टाकी, इंजिनासकट जेमतेम साडेसात टन उरणार, तेही हवा आणि गुरुत्वाकर्षण सोडून! म्हणूनच १९२९ मध्ये मास्तरांनी रिकामे टप्पे वाटेतच टाकून देणारी रॉकेटची गाडी सुचवली. १९३५ मध्ये ते गेले. स्पुटनिक उडाला १९५७ मध्ये, टप्पे टाकतच.