उलटी गंगा : हॉवर्ड टेमिन

कोरोनाच्या दिवसांत आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकात ती लांब काडी एकदा तरी जाऊन आली आहे. 'आरटी-पीसीआर केलीस का?' हा प्रश्न तेव्हा 'जेवलास का?' इतका कॉमन झाला होता. पण त्यातलं 'आरटी' म्हणजे काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन. आरएनए वाचून त्याच्यावरून डीएनए लिहायचा, असं हे काम. ते ज्या एन्झाइममुळे होतं, त्याच्यासाठी एका माणसाने सहा वर्षं सगळ्यांशी एकट्याने वाद घातला. त्याचं नाव हॉवर्ड टेमिन. बायोलॉजी बारावीला सोडून दिलेल्या माझ्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यालाही त्याची गोष्ट आवडली, म्हणून हा लेख.

मित्रांनो, आधी थोडी तयारी. पेशीमधला डीएनए म्हणजे एचओडींच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली ओरिजिनल फाइल. ती कुणी बाहेर नेत नाही. काम पडलं की हव्या त्या पानाची झेरॉक्स काढायची, ती झेरॉक्स म्हणजे आरएनए. ती घेऊन रायबोसोम नावाचे कारागीर प्रोटीन बनवतात. काम झालं की झेरॉक्स कचऱ्यात. ओरिजिनलवरून झेरॉक्स निघते, झेरॉक्सवरून वस्तू बनते.

आता व्हायरस घ्या. त्याच्याकडे स्वतःचे कारागीर नसतात. एका प्रोटीनच्या डबीत गुंडाळलेला कागद, बस्स. उदाहरणार्थ पोलिओचा व्हायरस. त्याचा कागद आरएनएचा, म्हणजे तो नुसती झेरॉक्स घेऊनच येतो. पहिली पायरी : पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रोटीनला तो चिकटतो. दुसरी : आत शिरतो. तिसरी : डबी उघडते आणि आरएनए मोकळा होतो. चौथी : पेशीचे रायबोसोम ही झेरॉक्स आपल्याच ऑफिसची समजून वाचायला लागतात, आणि एक लांबलचक प्रोटीन तयार होतं. त्याचे तुकडे पडतात. एक तुकडा असतो आरएनएवरून आरएनएच्या कॉप्या काढणारं एन्झाइम, काही तुकडे असतात नव्या डब्यांचे भाग. पाचवी : कॉप्या डब्यांत भरल्या जातात. सहावी : पेशी फुटते आणि हजारो नवे व्हायरस बाहेर. सगळा खेळ साधारण ६ ते ८ तासांचा. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. पेशीच्या कुलूपबंद कपाटाला पोलिओ हातही लावत नाही.

हॉवर्ड टेमिन यांचा जन्म १० डिसेंबर १९३४ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. स्वार्थमोर कॉलेजातून बायोलॉजीची डिग्री घेऊन ते कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये रेनाटो डल्बेको यांच्या लॅबमध्ये पीएचडीला गेले. तिथे त्यांची गाठ पडली राऊस सार्कोमा व्हायरसशी. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं, की कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित रस दुसऱ्या कोंबडीला टोचला तर तिलाही गाठ येते. म्हणजे कॅन्सर व्हायरसमुळे होऊ शकतो! पण प्रयोगासाठी प्रत्येक वेळी कोंबड्या किंवा अंडी लागत, आणि नेमकं मोजता काहीच येत नसे.

१९५८ मध्ये टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी हे काम काचेच्या बशीत आणलं. बशीच्या तळाला कोंबडीच्या पिल्लाच्या पेशींचा पातळ थर वाढवायचा आणि वर अगदी कमी व्हायरस सोडायचा. काही दिवसांनी थरात छोटे छोटे पुंजके दिसतात. एका व्हायरसने एक पेशी बिघडवली आणि तिची पिल्लावळ तिथेच जमली, म्हणजे एक पुंजका. पुंजके मोजले की व्हायरस मोजले. मोजता आलं की अर्धं इंजिनीअरिंग झालं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण पुंजके मोजता मोजता टेमिनना एक विचित्र गोष्ट दिसली. ह्या व्हायरसचा कागदही आरएनएचाच होता, पण पेशी पोलिओसारखी मरत नव्हती. ती जगत होती, विभागत होती, आणि वर नवे व्हायरसही सोडत होती. शिवाय व्हायरसच्या काही प्रकारांनी पेशी गोल व्हायच्या, काहींनी लांबट. ती गोलाई पेशीच्या मुलींत, नातींत तशीच उतरायची, घराण्याचं नाक उतरावं तशी. नुसती झेरॉक्स असती तर पिढ्यान्‌पिढ्या इतकी पक्की कशी टिकली असती? टेमिनना वाटायला लागलं, की हा माल कपाटातल्या ओरिजिनल फाइलमध्येच घुसलेला आहे.

१९६० मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला आले. मॅकआर्डल कॅन्सर लॅबोरेटरीमध्ये त्यांना मिळाली तळघरातली खोली. तिथे त्यांनी दोन प्रकारची औषधं वापरून प्रयोग केले, आणि हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो.

पहिलं औषध ॲक्टिनोमायसिन डी. ते डीएनएला चिकटून बसतं आणि त्याच्यावरून आरएनए बनू देत नाही. म्हणजे झेरॉक्स मशीन बंद. पोलिओला याने फरक पडत नाही, कारण त्याच्या कॉप्या आरएनएवरूनच निघतात. राऊसचा व्हायरस मात्र बनायचाच थांबला. याचा सरळ अर्थ, त्याचा आरएनए कुठल्यातरी डीएनएवरून निघत होता. दुसरी औषधं नवा डीएनए बनणं थांबवणारी. ती इन्फेक्शनच्या सुरुवातीलाच दिली तर व्हायरसचा जम बसत नसे. जम बसल्यावर दिली तर मात्र व्हायरसचं उत्पादन चालूच राही. म्हणजे डीएनए एकदाच, सुरुवातीला बनत होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवा. व्हायरसच्या आरएनएवरून आधी डीएनए बनतो, तो पेशीत मुक्काम करतो, आणि मग त्याच्यावरून नवे आरएनए निघतात. ह्या मुक्कामी डीएनएला टेमिननी नाव दिलं प्रोव्हायरस. १९६४ मध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडलं. तेव्हा ते फक्त २९ वर्षांचे होते.

कुणाला पटलं नाही. डीएनएकडून आरएनए आणि आरएनएकडून प्रोटीन, हा त्या काळचा जवळजवळ धर्मच होता. झेरॉक्सवरून ओरिजिनल बनवायची ही उलटी गंगा कशाला कुणी मान्य करेल? गंमत म्हणजे फ्रान्सिस क्रिक यांनी आरएनएकडून डीएनएकडे जाणारा रस्ता अशक्य आहे असं म्हटलंच नव्हतं. पण पुस्तकांत नियम शिकवला जायचा तो एकेरी वाहतुकीचाच. आणि खरं सांगायचं तर विरोधकांचीही बाजू होती. ॲक्टिनोमायसिन पेशींना विषारी आहे, व्हायरस थांबला तो पेशी आजारी पडल्यामुळे नसेल कशावरून? टेमिननी इन्फेक्टेड पेशींत व्हायरसशी जुळणारा डीएनए शोधून दाखवला, पण तो सिग्नल इतका बारीक होता की त्यावर कुणी पैज लावली नसती. पुरावे सगळे आडून येणारे. चोर पकडला नव्हता, नुसते पायाचे ठसे होते.

मग आले सातोशी मिझुतानी. त्यांनी टेमिनच्या लॅबमध्ये पेशीचं प्रोटीन बनवणं औषधाने बंद करून इन्फेक्शन केलं, तरीही व्हायरसचा डीएनए बनला. आता विचार करा. डीएनए बनवणारं एन्झाइम हे प्रोटीनच. नवीन प्रोटीन बनू दिलं नाही आणि तरी काम झालं, तर ते एन्झाइम आधीपासून हजर होतं. कुठे? बहुधा व्हायरसच्या डबीतच!

१९७० मध्ये त्यांनी पेशी बाजूला ठेवल्या. शुद्ध केलेले व्हायरस घेतले, सौम्य डिटर्जंटने त्यांचं आवरण सैल केलं, आणि टेस्ट ट्यूबमध्ये डीएनएच्या चारही विटा टाकल्या. त्यांतली एक रेडिओॲक्टिव्ह, म्हणजे तिचा माग काढता येतो. सुट्या विटा ॲसिडमध्ये विरघळून जातात, पण साखळीत बसलेल्या विटा खाली गाळात राहतात. गाळात रेडिओॲक्टिव्हिटी सापडली, साखळी बनत होती. ती डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने तुटली, आरएनए तोडणाऱ्याने तुटली नाही. म्हणजे माल डीएनएच. आणि व्हायरसमधला आरएनए आधीच तोडून टाकला तर साखळी बनणं बरंच कमी झालं. म्हणजे वाचला जाणारा कागद आरएनएच. चोर पकडला, तोही मुद्देमालासकट.

त्याच वेळी एमआयटीमध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांना उंदरांच्या ल्युकेमियाच्या व्हायरसमध्ये तेच एन्झाइम स्वतंत्रपणे सापडलं. जून १९७० मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोघांचे पेपर लागोपाठ छापले गेले. पुढे एन्झाइमचं नाव पडलं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि ह्या व्हायरसचं नाव रेट्रोव्हायरस.

आता रेट्रोव्हायरसच्या पायऱ्या पोलिओशी ताडून बघा. चिकटणं आणि शिरणं तेच. पण रायबोसोमकडे जाण्याआधीच आरएनए रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या हाती पडतो. ते आरएनए वाचत डीएनएची एक साखळी लिहितं, लिहून झालेला आरएनए कुरतडून टाकतं, आणि मग डीएनएची दुसरी साखळी जोडतं. इंटिग्रेज नावाचं दुसरं एन्झाइम हा दुपदरी डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकतं. कपाटातल्या फाइलमध्ये एक बोगस पान बेमालूम बाइंड झालं! पुढे पेशीच आपल्या मशीनवर त्या पानाच्या झेरॉक्सा काढते. नवे व्हायरस पेशी न फोडता तिच्या आवरणाचा तुकडा पांघरून बाहेर पडतात.

ह्या एका फरकाची किंमत १९८३ मध्ये एचआयव्ही सापडल्यावर जगाला कळली. १९८७ मध्ये मंजूर झालेलं पहिलं औषध एझेडटी हे डीएनएच्या एका विटेसारखं दिसतं, पण त्याला पुढची वीट जोडायचा हुकच नाही. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज फसून ते उचलतं आणि साखळी तिथेच संपते. पण हे एन्झाइम स्वतःच्या चुका तपासत नाही. त्या चुकांतून औषधाला दाद न देणारे व्हायरस निपजतात, म्हणून एकाच वेळी तीन-तीन औषधं द्यावी लागतात. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये जी तीन औषधं देऊ केली, ती तिन्ही ह्याच एन्झाइमवर मारा करणारी होती. तरीही औषध फक्त नवं पान लिहिणं थांबवतं. आधी बाइंड झालेलं पान तसंच राहतं, आणि औषध सोडलं की व्हायरस परत येतो.

टेमिन, बाल्टिमोर आणि डल्बेको यांना १९७५ चं नोबेल मिळालं. समारंभ १० डिसेंबरला, म्हणजे टेमिनच्या ४१ व्या वाढदिवशी. त्यांनी त्या व्यासपीठाचा उपयोग एका वेगळ्याच कामासाठी केला. कॅन्सर टाळायचा सगळ्यात खात्रीचा उपाय सिगारेट सोडणं हा आहे, आणि तरी समोरचे लोक सिगारेटी ओढताहेत याचा त्यांना राग आला होता. तो त्यांनी स्टॉकहोमच्या भर सभेत बोलून दाखवला. मॅडिसनमध्ये ते सायकलवरून लॅबला जात, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

टेमिननी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी ते गेले, वयाच्या ५९ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कॅन्सरने. त्यानंतर काही वर्षांनी माणसाचा सगळा डीएनए वाचला गेला, तेव्हा त्यातला सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा निघाला. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या फाइलमध्ये बाइंड झालेली ती पानं आजही तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीच्या कपाटात आहेत.