डायक्स्ट्राची वाट आणि भिंतीचे कोपरे

सिलॅबसमधल्या 'डायक्स्ट्रा'मागचा माणूस मला फार आवडतो. एट्सखर डायक्स्ट्रांचा जन्म १९३० साली रॉटरडॅमला झाला. शिकले फिजिक्स, पण १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर झाले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रामर' लिहिला, तर तो मान्यच झाला नाही!

त्याआधी, १९५६ मध्ये, नव्या आर्मॅक संगणकाच्या उद्घाटनासाठी सामान्य माणसालाही कळेल असं उदाहरण हवं होतं. होणाऱ्या पत्नीबरोबर कॉफी घेताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्यांना शॉर्टेस्ट पाथची रीत सुचली. नकाशात हॉलंडची ६४ शहरं होती. १९५९ मध्ये ती छापून आली.

शहरांमध्ये रस्ते आधीच असतात. मोकळ्या मैदानात मात्र रस्तेच नसतात, अडथळे असतात. तिथे काय करायचं? दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून बघा. ती फक्त अडथळ्यांच्या कोपऱ्यांवरच वळते. म्हणून सुरुवात, शेवट आणि सगळे कोपरे हे नोड घ्यायचे, आणि एकमेकांना थेट दिसणारे नोड जोडायचे. हाच व्हिजिबिलिटी ग्राफ.

समजा आपण (०,०) वर आहोत, जायचंय (८,८) ला. मध्ये चौरस खोली आहे, कोपरे (२,२), (६,२), (६,६), (२,६). सहा नोड, म्हणजे १५ जोड्या. त्यातल्या १० एकमेकांना दिसतात.

आता डायक्स्ट्रांची रीत: सर्वात जवळचा नोड पक्का करायचा आणि तिथून शेजाऱ्यांची अंतरं सुधारायची. (२,२) हा २.८३ वर पक्का होतो. त्याच्यामार्गे (६,२) हा ६.८३ वर येतो, पण थेट अंतर ६.३२ आहे, म्हणून तेच राहतं. पुढे (६,२) वरून शेवट १२.६५ वर मिळतो. (६,६) वरून गेलं तर १३.१५ लागतात, म्हणून उत्तर १२.६५.

खरी गोम ग्राफ बनवताना आहे. रेघ भिंतीला छेदते का, एवढंच तपासलं तर (०,०) ते (८,८) ही सरळ रेघ पास होते, कारण ती फक्त दोन कोपऱ्यांना शिवते. उत्तर येतं ११.३१ आणि रोबो खोलीतून आरपार! अशी शंका आली की वाट चित्रात काढून बघा. उपाय असा की रेघ जिथे कोपऱ्याला शिवते तिथे तिचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा मध्यबिंदू अडथळ्याच्या आत पडतो का, ते तपासायचं. इथे (४,४) आत पडतो, रेघ बाद.

शिवाय रोबो म्हणजे बिंदू नव्हे, त्याला रुंदी असते. १९७९ मध्ये लोझानो-पेरेझ आणि वेस्ली यांनी अडथळेच रोबोच्या आकाराइतके फुगवले आणि मग ग्राफ काढला.

डायक्स्ट्रांना १९७२ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, २००२ मध्ये ते गेले. प्रोग्राम नंतर तपासत बसण्यापेक्षा तो बरोबर आहे हे आधी सिद्ध करा, असा त्यांचा आयुष्यभर आग्रह होता. त्यांच्या रीतीला भिंती दिसत नाहीत, दिसतो तो फक्त आपण दिलेला ग्राफ. तो बरोबर असल्याची जबाबदारी आपलीच.