महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी १८४२ – १६ जानेवारी १९०१) हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, समाजसुधारक, इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ होते. समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यामानाने त्यांचे अर्थशास्त्रीय लेखन कमी वाचले जाते. दोन देशांतील व्यापार उभयतांना लाभदायक का ठरतो, हे सांगणारा डेव्हिड रिकार्डो यांचा तुलनात्मक लाभाचा सिद्धांत हिंदुस्थानला कितपत लागू पडतो, या प्रश्नाचा त्यांनी केलेला विचार हा त्या लेखनाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची ही बाजू प्रामुख्याने दिली आहे.

जन्म व शिक्षण

रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानाच्या नोकरीत असल्याने त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात दाखल झाले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल. बी. अशा पदव्या त्यांनी मिळवल्या. काही काळ त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापनही केले. त्या काळी महाविद्यालयांत अर्थशास्त्र म्हणून जे शिकवले जाई, ते अॅडम स्मिथ, रिकार्डो आणि जॉन स्टुअर्ट मिल यांचे इंग्लिश अर्थशास्त्र होते. त्यातील नियम गणिताच्या नियमांप्रमाणे सर्वत्र सारखेच लागू आहेत, अशी शिकवणाऱ्यांची समजूत होती.

१८७१ मध्ये रानडे पुण्यास न्यायाधीश म्हणून आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात शिरले. सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले. त्यातील आर्थिक विषयांवरील बरेचसे लेखन रानडे यांचे असे. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने दख्खनमधील गावोगावची माहिती गोळा केली होती. शेतीखेरीज दुसरे साधन नसलेल्या मुलखाची एका पावसाळ्यात काय अवस्था होते, हे रानडे यांनी त्या वेळी जवळून पाहिले. त्यांच्या पुढील लेखनात हा विषय वारंवार येतो.

रिकार्डोचा सिद्धांत

रानडे यांचा आक्षेप समजण्यासाठी मूळ सिद्धांत नीट समजणे आवश्यक आहे. एखादा देश सर्वच वस्तू दुसऱ्यापेक्षा कमी श्रमांत तयार करीत असेल, तर त्याने त्या दुसऱ्याकडून काही विकत का घ्यावे, हा प्रश्न कोणालाही पडेल. रिकार्डो यांनी १८१७ मध्ये याचे उत्तर इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या उदाहरणाने दिले. ठरावीक प्रमाणात कापड तयार करण्यास इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य तयार करण्यास १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडास ९० आणि तेवढ्याच मद्यास ८० माणसे पुरतात. म्हणजे पोर्तुगाल दोन्ही कामांत सरस आहे.

परंतु सरसपणा दोन्हींत सारखा नाही. मद्यात पोर्तुगालची आघाडी मोठी आहे, कापडात लहान. पोर्तुगालला घरी कापड विणायचे तर ९० माणसे गुंतवावी लागतात. त्याऐवजी ८० माणसांकडून मद्य करवून ते इंग्लंडला दिले आणि कापड घेतले, तर १० माणसांचे श्रम वाचतात. इंग्लंडला १२० माणसे मद्यावर लावण्याऐवजी १०० माणसांचे कापड देऊन तेच मद्य मिळते आणि २० माणसांचे श्रम वाचतात. पोर्तुगालच्या १७० माणसांनी केवळ मद्य आणि इंग्लंडच्या २२० माणसांनी केवळ कापड केले, तर पूर्वी दोन्ही देशांत मिळून मद्याची दोन आणि कापडाची दोन परिमाणे होत असत, त्या जागी मद्याची दोन पूर्णांक एक अष्टमांश आणि कापडाची दोन पूर्णांक दोन दशांश परिमाणे होतात. माणसे तेवढीच, माल मात्र अधिक.

येथे तुलना करायची ती दोन देशांतील मजुरांची नव्हे. प्रत्येक देशाने आपल्याच घरी एक वस्तू करण्यासाठी दुसरी किती सोडावी लागते, हे पाहायचे असते. इंग्लंडमध्ये मद्याच्या एका परिमाणासाठी कापडाचे १.२ परिमाण सोडावे लागते, पोर्तुगालमध्ये सुमारे ०.८९. अदलाबदलीचा दर या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेही ठरला तरी दोघांचा फायदा होतो. तो नेमका कोठे ठरतो, म्हणजे फायद्यातील मोठा वाटा कोणाला मिळतो, हे एकाच्या मालाची दुसऱ्यास किती गरज आहे यावर अवलंबून असते. हा भाग मिल यांनी नंतर विशद केला.

डेक्कन कॉलेजमधील व्याख्यान

१८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्र या विषयावर व्याख्यान दिले. त्यांचे आर्थिक विचार एकत्रितपणे येथेच सापडतात. रिकार्डोचे गणित चुकले आहे, असे रानडे यांनी कोठेही म्हटलेले नाही, हे लक्षात ठेवावयास हवे. अनेक गौरवलेखांत तसे सूचित केले जाते ते बरोबर नाही. त्यांचा रोख गणितामागील गृहीतकांवर होता.

पहिले गृहीतक श्रम आणि भांडवल यांच्या चलनशीलतेचे. पोर्तुगालचे विणकर उद्या द्राक्षमळ्यात जातील आणि तितक्याच उपयोगाचे ठरतील, हे सिद्धांतात धरून चाललेले आहे. हिंदुस्थानात कुटुंब व जात माणसाचा धंदा ठरवतात, वेतने व भाडी रूढीने ठरतात आणि श्रम वा भांडवल दोन्ही सहजासहजी जागचे हलत नाहीत, असे रानडे यांचे निरीक्षण होते. रानडे यांनी स्वतः आकडेमोड मांडलेली नाही, परंतु वरील उदाहरणातच त्यांच्या आक्षेपाचे वजन कळते. पोर्तुगालचे ९० विणकर मद्याच्या कामाला लागले नाहीत आणि बसून राहिले, तर देशात मद्याचे एकच परिमाण होईल. त्यातूनच काही देऊन कापड आणावे लागेल. आधी घरात दोन्ही वस्तूंचे एकेक परिमाण होते. आता दोन्ही मिळून तेवढे उरणार नाही. हिंदुस्थानात विणकर अगदी बसून राहिला नाही. तो जमिनीकडे वळला. परंतु तेथे आधीच हात जास्त झाले होते. त्याच्या येण्याने पीक फारसे वाढले नाही, वाटेकरी मात्र वाढले.

दुसरा आक्षेप निसर्गाच्या नावाने होणाऱ्या वाटणीला होता. उष्ण प्रदेशांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण प्रदेशांनी तो पक्का करावा, अशी विभागणी स्वाभाविक मानली जाई. द्राक्षांपुरते हवामानाचे कारण खरे आहे. पण कापूस खानदेशात वा वऱ्हाडात पिकतो आणि लँकेशायरमध्ये एक बोंडही पिकत नाही. तेथील गिरण्यांचा सरसपणा यंत्रे, भांडवल आणि सवयीने आलेले कौशल्य यांतून निर्माण झाला होता. जे निर्माण करता येते ते दुसरीकडेही निर्माण करता येईल, असा रानडे यांचा युक्तिवाद होता. या बाबतीत जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट यांचा त्यांच्यावर प्रभाव होता.

कापड गिरण्यांचे उदाहरण

रानडे यांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या गिरण्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढली आणि चाळीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. लँकेशायरचा कामगार मुंबईच्या कामगारापेक्षा पुष्कळ अधिक चात्या व माग सांभाळी. जाड्या आणि बारीक, दोन्ही प्रकारच्या सुतात दरडोई उत्पादन त्याचेच अधिक होते. तरीही मुंबईच्या गिरण्या टिकल्या आणि त्यांचे सूत चीनपर्यंत जाऊ लागले. येथला आखूड धाग्याचा कापूस साधारण वीस नंबरपर्यंतच्या जाड्या सुताला चांगला चाले. (नंबर म्हणजे एका पौंडात भरणाऱ्या ८४० यार्डांच्या लडींची संख्या, नंबर वाढेल तसे सूत बारीक.) बारीक सुतात मुंबई फार मागे होती, जाड्या सुतात थोडी मागे, आणि येथली कमी मजुरी तेवढे अंतर भरून काढी. दोन्हींत मागे असलेल्याने आपली पिछाडी जेथे कमी आहे तेथे उभे राहावे, हा रिकार्डोचाच नियम होय. फरक एवढाच की, या वेळी वाटणी शेती आणि कारखाना यांत न होता दोन प्रकारच्या कारखान्यांत झाली.

शासनाचे धोरण मात्र लँकेशायरच्या दबावाखाली होते. १८८२ मध्ये परदेशी कापडावरील आयात कर रद्द झाले. १८९४ मध्ये महसुलासाठी ते पुन्हा लावावे लागले, तेव्हा हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरवरील सुतावरही तितकाच अबकारी कर बसवण्यात आला. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि येथील गिरणी कापडावरही साडेतीन टक्के कर ठरला. जाड्याभरड्या कापडात लँकेशायरची स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. तरी त्यालाही या कराने गाठले. मुक्त व्यापाराच्या तत्त्वाने याचे समर्थन करणे कठीण आहे.

औद्योगिक परिषद व उपाय

१८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेमागे रानडे यांची प्रेरणा होती. परिषदेत आणि नंतरच्या अधिवेशनांत त्यांनी पतपुरवठा, लोखंडाचा धंदा, हिंदी कारखानदारीची स्थिती अशा विषयांवर निबंध वाचले. आयात कर लंडनच्या मर्जीवर अवलंबून असल्याने त्यांचा भर जकातीपेक्षा भांडवलावर होता. रेल्वे कंपन्यांना सरकारने व्याजाची हमी दिली, चहा आणि सिंकोना यांच्या लागवडीस स्वतः प्रारंभ करून दिला. मग लोखंड, साखर, कागद यांना आरंभीची काही वर्षे तसा हात का देऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. डच सरकारने जावामध्ये कारखानदारांना दिलेल्या आगाऊ रकमांचा दाखला त्यांनी दिला. हा दाखला त्यांच्या विवेचनातील दुबळा भाग म्हणावा लागेल. जावातील त्या पद्धतीत शेतकऱ्यांवर लागवडीची सक्ती होती आणि तिचा जाच युरोपातही गाजला होता. उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावर सरकारी हात कोणी व कसा काढून घ्यावा, याचाही विचार त्यांच्या निबंधांत पुरेसा आढळत नाही.

अखेरची वर्षे

न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये रानडे यांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली. त्यांचे आर्थिक निबंध इंग्रजी संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९०० साली निघाला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात हीच मांडणी पुढे नेली. संरक्षणाच्या नावाखाली बलवान हितसंबंधी गटांचे फावते, ही सावधगिरीची बाजूही गोखले यांनी तीत घातली. १९२१ च्या हिंदी राजकोषीय आयोगाने निवडक उद्योगांना मर्यादित काळ संरक्षण देण्याची शिफारस केली, आणि १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला ते मिळाले. गिरणी कापडावरील अबकारी कर उठण्यास आणखी एक वर्ष लागले.